दृश्य १४ : पहिल्या सकाळच्या प्रकल्प नोंदी

२५ जानेवारी २०२५, वाईजवळ, लोकेशन पाहणी

घर ठरलं. कौलारू, पुढे मातीचं अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, आणि ओसरी थेट पूर्वेला तोंड करून. मालकीणबाईंनी घरात राहायची परवानगी दिली आहे, पण चुलीजवळ चपला घालून कोणी जायचं नाही ही अट आहे. ती युनिटमधल्या प्रत्येकाला सांगायची.

आज पहाटेपासून अंगणात उभी राहून सूर्य पाहिला. सूर्योदय सातच्या जरा पुढे. साडेसातपर्यंत ऊन ओसरीत आडवं शिरतं, अगदी मागच्या भिंतीपर्यंत जातं. मग ते हळूहळू मागे सरकतं. दर पंधरा मिनिटांनी वळचणीच्या सावलीची रेघ खडूने जमिनीवर मारली. ओसरीच्या कडेपासून हातभर आत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान सावली येते. त्यानंतर त्या जागी दिवसभर ऊन नाही.

दृश्य १४ इथेच. अकरा वर्षांनी घरी परत आलेला बाप आणि ओसरीत तांदूळ पाखडत बसलेली सुमन. संपूर्ण सिनेमा या दृश्यावर उभा आहे. सिनेमॅटोग्राफर म्हणाला, पाखडताना उडणारा कोंडा या आडव्या उन्हात दिसेल आणि तो कुठल्याही दिव्याने असा दिसणार नाही. मला ते पटलं. खडूच्या रेघांचे फोटो काढून ठेवले आहेत.

३१ जानेवारी, पुणे, तालीम

काकांनी (मी त्यांना काकाच म्हणते, बाकी सगळे सर म्हणतात) आज बापाची चाल शोधली. डावा पाय किंचित ओढत, पण लंगडणं म्हणता येणार नाही असं. पिशवी उजव्या खांद्यावर, तिचा बंद हाताने छातीशी धरलेला. मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

महत्त्वाची गोष्ट हाकेची. संहितेत फक्त ‘सुमे’ एवढंच लिहिलं आहे. काकांनी ती हाक अर्धी गिळली, म्हणजे ‘सु’ ऐकू येतं आणि ‘मे’ तोंडातच राहतं. सुमन करणारी मुलगी नाटकातून आलेली, कान तयार. ती लगेच वळली नाही. सुपाचे दोन झटके तसेच दिले, मग हात थांबला, मग मान वर आली. कोणीच काही बोललं नाही. मी पाठ लिहून घेतला: हाक, दोन झटके, थांबणं, पाहणं.

हे दोन झटके तिने मोजून दिलेले नाहीत. ती हाक तशी आली म्हणून ते तसे आले. शूटिंगच्या दिवशी हे पुन्हा घडवायचं तर हाकही तीच हवी.

७ फेब्रुवारी, वाई, रात्र

उद्याची कॉलशीट गेली. युनिट साडेपाचला, सुमन मेकअपला पावणेसहाला, काका सहाला लोकेशनवर. त्यांचा आज रात्री पुण्यात नाटकाचा प्रयोग आहे. प्रयोग संपला की थोडी झोप आणि पहाटे चारला निघायचं. पुणे ते वाई दोन तास धरले आहेत.

शॉट्सचा क्रम नेहमीचाच. आधी ओसरीतून अंगणाचा वाइड, काका फाटकातून येतात, सूर्य त्यांच्या पाठीमागे आणि त्यांची लांब सावली त्यांच्या आधी ओसरीला पोहोचते. मग त्यांच्या खांद्यावरून सुमनचा सजेशन, मग तिचे मिड आणि क्लोज, मग त्यांचे. मोठं चित्र आधी लावलं की सगळ्यांना आपापली जागा कळते आणि पुढचे शॉट त्याला जुळवता येतात.

झोप येत नाही. मालिकांमध्ये इतकी वर्षं असोसिएट म्हणून काम केलं, शेकडो सकाळी सेटवर सगळ्यात आधी पोहोचले, पण तेव्हा ‘पुढे काय?’ हे विचारायला माझ्यासमोर कोणीतरी होतं. उद्या ते विचारायला सगळे माझ्याकडे येणार. शॉट्सची यादी पाठ आहे, तरी पुन्हा पुन्हा उघडून पाहते आहे.

८ फेब्रुवारी, शूटिंगचा पहिला दिवस

*पहाटे ५.४०.* थंडी आहे. जनरेटर व्हॅन दीडशे फुटांवर, गोठ्याच्या पलीकडे लावली, कारण संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करायचे आहेत. नाश्त्याला पोहे. मला एक घासही गेला नाही. स्पॉटदादांनी न विचारता चहाचा कप हातात दिला आणि तिथेच उभे राहिले, मी तो संपवेपर्यंत.

*६.१०.* प्रॉडक्शन मॅनेजरचा चेहरा पाहूनच कळलं. काकांची गाडी खंबाटकी घाटात आहे. वर एक ट्रक आडवा झाला आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना हा घाट एकेरी आहे, परतीची वाहतूक बोगद्यातून जाते. म्हणजे एकदा घाटात शिरलं की मागे वळायची सोय नाही. त्यात शनिवारची पहाट, महाबळेश्वर-पाचगणीच्या गाड्या. किती वेळ लागेल कोणालाच सांगता येत नाही.

माझे हात थंडच होते, आता बोटं वळेनात. वही खाली ठेवली, म्हणजे ते कोणाला दिसणार नाही.

*६.२५.* निर्माते दादा म्हणाले, मुहूर्त चुकवायचा नाही. कॅमेऱ्याची पूजा झाली, नारळ फुटला, क्लॅप मालकीणबाईंच्या हातून दिली. त्यांनी क्लॅपबोर्डलाही हळदकुंकू लावलं. मुहूर्ताचा शॉट म्हणून वृंदावनावरचा दिवा घेतला. त्या वीस मिनिटांत मला विचार करता आला, त्याबद्दल मी दादांची ऋणी आहे.

*६.४५.* सगळे माझ्याभोवती. सूर्य यायला पंधरा-वीस मिनिटं. दादांनी विचारलं, “तोवर तिचे क्लोज उरकून घ्यायचे का? काकांचे संवाद असिस्टंट वाचेल. मालिकेत तर रोज तसंच करतात.”

करतात, मीही केलं आहे. बहुतेक दृश्यांत त्यातून काही बिघडत नाही. समोरचा माणूस हिशेब विचारतोय, पाणी मागतोय, तर वाचून दाखवलेल्या ओळीवरही चांगला नट नीट उत्तर देतो. इथे तसं नाही. असिस्टंटच्या कोरड्या ‘सुमे’वर ती अभिनय करेल, चांगला करेल, आणि पडद्यावर मला तो अभिनय दिसत राहील.

पण थांबलो तर ऊन जातं. मी खडूच्या रेघांचे फोटो उघडले आणि सिनेमॅटोग्राफरबरोबर वृंदावनाच्या कट्ट्यावर बसले. आम्ही एकच प्रश्न धरला: आत्ताचं ऊन कोणाच्या तोंडावर पडतं? सुमनच्या. ती पूर्वेकडे तोंड करून बसते. काकांच्या पाठीवर पडतं, चेहऱ्यावर नाही. त्यांच्या मागून येणारा प्रकाश उशिरा आले तरी दिव्याने करता येईल, जवळच्या शॉटपुरता तरी. तिच्या चेहऱ्यावरचं आडवं ऊन आणि त्यातला कोंडा नाही करता येणार. म्हणजे साडेनऊपर्यंत सगळं तिचं. आणि त्यांच्या लांब सावलीचा वाइड आज होणार नाही, तो उद्या सकाळी.

मग तिच्या शॉट्सचे दोन भाग केले. हाकेपर्यंतचे आणि पाहिल्यानंतरचे. हाकेपर्यंतच्या शॉट्सना काका समोर असायची गरज नाही, कारण ती त्यांना पाहतच नाही. तिला फक्त आवाज हवा आहे. पाहिल्यानंतरचा एकही क्लोज त्यांच्याशिवाय घ्यायचा नाही.

दादांना हे सांगताना माझा आवाज कापत होता. ते ऐकून म्हणाले, “मग सांगा, काय लावायचं?” मी म्हणाले, “पन्नासची लेन्स, ओसरीच्या पायरीवरून, सुमनचा मिड.” आवाज तेव्हाही कापत होता, पण ट्रायपॉड उचलला गेला.

*७.२०.* पहिला शॉट. सुमन पाखडते आहे, अजून काही घडलेलं नाही. कोंडा उन्हात चढतो आणि तिच्या केसांवर बसतो. लगेच हातांचा आणि सुपाचा इन्सर्ट घेतला. प्रत्येक टेकनंतर सुपात किती तांदूळ उरले याचा फोटो. दृश्यात तीन मिनिटांचा काळ जातो, त्यात ढीग कमी होत गेलेला दिसला पाहिजे, वाढलेला नाही. असिस्टंटने वाटीने मोजून भरायची पद्धत बसवली.

*७.५५.* आता हाक. काकांना फोन लावला. ते म्हणाले, “बाळा, गाडी इंचभर हललेली नाही. माझ्याकडून होण्यासारखं काही असेल तर सांग.” मी विचारलं, “काका, गाडीतून हाक द्याल?” ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “ड्रायव्हरला काच वर करायला सांगतो.”

साउंड रेकॉर्डिस्टने अटी घातल्या. काकांचा आवाज ट्रॅकवर येता कामा नये, फक्त तिच्या कानात. म्हणजे फोन स्पीकरवर लावायचा नाही. बिनतारी इअरफोन तिच्या उजव्या कानात, वरून केस आणि पदर, कॅमेरा डावीकडून. फोन दाराआड ठेवायचा, कारण मोबाइल जवळ असला की माइकमध्ये घरघर शिरते. तिचा लेपल काढून टाकला, फक्त बूम. खरी हाक काकांकडून नंतर अंगणातच मुद्रित करायची आणि संकलनात तिथे बसवायची. त्यासाठी तिच्या बाजूचा ट्रॅक स्वच्छ हवा. त्यावर सूप आणि पक्षी यांच्याशिवाय काही नको.

लेन्स पंच्याऐंशीची. पहिल्या टेकला घाटातलं नेटवर्क गेलं आणि ती कितीतरी वेळ नुसतीच पाखडत राहिली. कट म्हणू की नको या विचारात मी म्हटलंच नाही. पुढे हे वाट पाहणं कामाला येईल, ते जपून ठेवायला लावलं. दुसऱ्या टेकला हाक पोहोचली, पण मध्येच ट्रकचा हॉर्न, ती दचकली. मी काकांना म्हणाले, “आणखी एकदा.” ते म्हणाले, “किती वेळा पाहिजे तितकं. मी कुठे जातोय.”

तिसरा टेक. सुपाचा आवाज लयीत. दाराआडून असिस्टंटने मला बोट दाखवलं, म्हणजे काका आता हाक देणार. मला ऐकू आलं काहीच नाही. फक्त तिच्या हातात काहीतरी झालेलं दिसलं. एक झटका, दुसरा झटका, तो जरा उशिरा. मग हात थांबला आणि उडालेला कोंडा खाली यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मान वर आली. मी कट म्हणाले तेव्हा फोकस पुलरने डोळे पुसले आणि आधी सांगून टाकलं की फोकस बरोबर आहे.

*८.४०.* पुढचं कोडं. ती त्यांना पाहून उठते, मग चार ओळींचा संवाद. तो तिच्या क्लोजवर घ्यायचा आहे आणि काका येईपर्यंत तिच्या जागेवरचं ऊन गेलेलं असणार. आधीच्या शॉटमध्ये चेहऱ्यावर ऊन आणि पुढच्यात सावली, हे डोळ्यांना खटकेल.

उत्तर सुमनकडून आलं. नुसतं चालून पाहताना ती उठली आणि एक पाऊल मागे गेली, ओसरीच्या खांबाशी. मी विचारलं, “मागे का गेलीस?” ती म्हणाली, “ताई, अकरा वर्षांनी बाप समोर उभा राहिला तर मी पुढे नाही जाणार.” सिनेमॅटोग्राफरने माझ्याकडे पाहिलं. खांबाशी सावली आहे, सकाळीही आणि दुपारीही. ती उन्हातून सावलीत जाताना एकदा दाखवली की संवादाचा क्लोज सावलीत कधीही घेता येतो. थर्माकोलचा पांढरा बाउन्स दिला की पुरे.

आता तेवढं पाऊल साडेनऊच्या आत उन्हात पकडायचं होतं. खांद्यावरून सजेशन, लांबून, तिचं अख्खं अंग दिसेल असा. इथे डोळ्यांवर काही अवलंबून नाही, हालचालीवर आहे, म्हणून इथे डुप्लिकेट चालतो. चालत येणारा डुप्लिकेट मात्र नाही, ती चाल काकांचीच आहे. प्रॉडक्शन मॅनेजरची उंची जुळत होती. त्यांना काकांचा कोट घातला, पिशवी उजव्या खांद्यावर, हात बंदावर छातीशी. खांदा फोकसबाहेर, चौकटीच्या कडेला. असिस्टंटने मागून, बाजूने, पुढून फोटो घेतले.

*९.२२.* चौथा टेक ओके. वळचणीची सावली तिच्या रिकाम्या पाटाच्या कडेला टेकली होती.

*९.३०.* थांबलो. मी एकटी मागच्या परसात जाऊन उभी राहिले. पाय थरथरत होते. मालकीणबाई तिथे भांडी घासत होत्या. म्हणाल्या, “खाऊन घे गं आता.” पोह्यांची ताटली झाकून ठेवलेली होती. सगळे खाल्ले.

*१०.१५.* काका आले. गाडीतून उतरले ते थेट युनिटसमोर हात जोडून उभे राहिले, म्हणाले, “सगळ्यांचा खोळंबा झाला.” मग माझ्याकडे वळून, “पोरीचं काय झालं? हाक पोहोचली का?” मी त्यांना मॉनिटरवर तिसरा टेक दाखवला. त्यांनी तो पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, आणि म्हणाले, “मी गाडीत जरा जास्तच गिळली होती. अंगणात देताना तेवढीच देतो.” पहाटेपासून खाल्लेलं नव्हतं, तरी आधी कोट मागितला.

कोट घातल्यावर असिस्टंटने डुप्लिकेटचे फोटो पुढे केले. काकांनी फोन हातात घेऊन ते मोठे करून पाहिले. “बंदाला पीळ पडलाय इथे,” ते म्हणाले आणि आपल्या खांद्यावरच्या बंदाला तसाच पीळ दिला. तो कोणाच्याच नजरेत आला नव्हता.

*१०.५०.* काकांचा मिड आणि क्लोज. सूर्य आता बराच वर. त्यांच्या डोक्यावर काळं कापड ताणून वरचं ऊन कापलं, मागून अडीच किलोवॉटचा एचएमआय खाली ठेवून त्याला नारंगी जिलेटिन लावलं. कान आणि खांद्याची कड उजळली. पाठीमागे फक्त जांभळाचं झाड राहील एवढीच चौकट ठेवली, कारण जमीन दिसली की आखूड सावल्या दिसतील. नीट पाहिलं तर सकाळच्या उन्हापेक्षा हा प्रकाश थोडा कडक आहे. रंग जुळवताना तो मऊ करावा लागेल, तसं टिपून ठेवलं.

सुमन कॅमेऱ्याशेजारी बसून, चौकटीबाहेरून काकांना ओळी देत होती. तिला सांगितलं होतं, तू विश्रांती घे. ती उठलीच नाही.

*दुपारी १२.१०.* मग उलट बाजू. सुमन खांबाशी सावलीत, काका कॅमेऱ्याशेजारी उभे. चार ओळी. काका चौकटीत नव्हते, तरी कोट, पिशवी, पीळ सगळं अंगावर ठेवून उभे राहिले. तिच्या तिसऱ्या ओळीला आवाज फुटला, तालमीत कधी फुटला नव्हता. दुसरा टेक घेतलाच नाही. दादा मागून येऊन हळूच म्हणाले, “सेफ्टीला अजून एक?” मी म्हणाले, “नको दादा. तिच्याकडे हे एकदाच होतं.” फोकस आणि आवाज दोन्ही तपासून घेतले, ठीक होते, आणि जेवणाचा ब्रेक दिला.

*१.४०.* ब्रेकनंतर जनरेटर बंद, सगळे गप्प. काकांनी अंगणात, फाटकापासून वृंदावनापर्यंतच्या अंतरात हाक दिली. रेकॉर्डिस्टने तीन वेगवेगळ्या अंतरांवरून घेतली, शिवाय अंगणाची नुसती शांतता मिनिटभर. सुमन हेडफोन लावून ऐकत होती. दुसऱ्या हाकेला तिने मान हलवली. तीच.

९ फेब्रुवारी

काका रात्री वाईतच राहिले. सहाला ते माझ्या आधी अंगणात हजर होते.

७.१८ ते ७.३५ मध्ये वाइड झाला. फाटकातून येणारी चाल, आधी पोहोचणारी सावली. सुमन पाठमोरी, चौकटीच्या कोपऱ्यात पाखडताना. काल सुरुवातीला सुपात जेवढे तांदूळ होते तेवढेच भरले. आकाशात काल नव्हता असा पातळ ढग होता, पण सावलीची कड स्पष्ट राहिली. पहिल्या टेकला काका दोन पावलं लवकर थांबले, सावली पायरीपर्यंत आली नाही. खुणेसाठी जमिनीत एक खडा पुरला, पायाला लागेल असा, म्हणजे खाली पाहावं लागणार नाही. तिसरा टेक ओके.

दृश्य १४ पूर्ण.

उद्याच्या कॉलशीटमध्ये बदल: दृश्य २२ (परसातली संध्याकाळ) मध्येही सूर्य एकाच्याच तोंडावर आहे, या वेळी काकांच्या. त्यांचे शॉट आधी, सुमनचे दिव्यांवर नंतर. काकांचा कॉल चारऐवजी तीनचा करावा, निघायला उशीर झाला तरी साडेपाचचं ऊन हाती राहील. असोसिएटने प्रॉडक्शनशी बोलून रात्री आठपर्यंत नक्की करावं.